‘सापेक्ष वेग’ की ‘अंतर बदलण्याचा दर’?

अनुवादक: कलनशास्त्रातील एका उदाहरणाचा मी अनुवाद करत आहे. चौकातून काटकोनात फुटणाऱ्या दोन रस्त्यांवरून एक मोटार पूर्वेकडे ताशी ६० किमी आणि दुसरी उत्तरेकडे ताशी ४५ किमी चालीने दूर जात आहे. त्या चौकापासून अनुक्रमे ३ आणि ४ किमीवर असताना त्यांच्यातील अंतर किती झपाट्याने वाढते, असा प्रश्न आहे. त्या ‘झपाट्या’ला ‘सापेक्ष वेग’ म्हणावे काय?

अभियंता: अवश्य म्हणावे. ६० आणि ४५ यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ७५ येते, आणि तेच उत्तर आहे.

गणिताच्या शिक्षिका: सापेक्ष वेगाचे मान ७५ आहे, हे बरोबर, परंतु विचारलेले उत्तर ते नव्हे. मोटारींची चौकापासूनची अंतरे x व y आणि त्यांच्यातील अंतर s धरून s² = x² + y² या संबंधाचे काळानुसार विकलन केल्यास s गुणिले s चा दर ही राशी ३ × ६० + ४ × ४५, म्हणजे ३६० येते, आणि या क्षणी s हे ५ किमी असल्यामुळे अंतर ताशी ७२ किमी दराने वाढते. ७५ आणि ७२ मधला फरक यामुळे पडतो की सापेक्ष वेग मोटारींना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेत पूर्णपणे नसतो. त्याचा काही भाग ती रेषा वळवण्यात जातो. दोन्ही मोटारी चौकातून एकाच क्षणी निघाल्या असत्या, तर रेषेची दिशा बदलली नसती आणि ७५ हेच उत्तर आले असते. येथे मात्र पहिलीला ३ मिनिटे लागली, तर दुसरीला ५ मिनिटे २० सेकंद. विद्यार्थी ३ आणि ४ या किमती विकलनाआधीच घालतात, तेव्हा s स्थिर ठरून दर शून्य येतो. चूक ओळखण्याची ती खूण आहे.

एक पालक: आमच्या मुलाच्या वहीत आकडे हेच आहेत, पण उत्तरेकडील वाहन चौकाकडे येत आहे. त्याने ‘चाल उणे ४५’ लिहिले आहे. चाल उणे असते का?

गणिताच्या शिक्षिका: चाल उणे नसते. वाहनाचे चौकापासूनचे अंतर घटत असल्यामुळे त्या अंतराच्या बदलाचा दर उणे ४५ आहे. आता १८० वजा १८० शून्य होते, म्हणजे त्या क्षणी वाहने एकमेकांपासून कमीत कमी अंतरावर आहेत. सापेक्ष वेगाचे मान तेव्हाही ७५च असते. याच कारणासाठी मला ‘वाढीचा दर’ हा शब्दही अपुरा वाटतो, आणि ‘बदलाचा दर’ योग्य वाटतो.

अभियंता: मी एकाच वेळी निघालेल्या मोटारी गृहीत धरल्या होत्या. मात्र प्रकरणाच्या शीर्षकात ‘संबंधित दर’ नको, कारण ते ‘संबंधित अधिकारी’सारखे वाचले जाते. ‘निगडित दर’ कसे वाटते?

गणिताच्या शिक्षिका: ‘निगडित’ चांगला आहे, पण वर्गात मुले ‘संबंधित’च म्हणतात.

अनुवादक: उदाहरणात ‘अंतर बदलण्याचा दर’ लिहितो. शीर्षकाची जागा तूर्त मोकळी ठेवली आहे.