मदत हवी आहे: गाण्यात दहापर्यंत येतं, पण शिंपले मोजताना गडबड

शिंपलेवाली_ताई
नमस्कार, मी गुहागरजवळ बालवाडीत शिकवते, 16 मुलं, सगळी चार-साडेचारची. सकाळी गोलात बसून आकड्यांचं गाणं घेते, एक ते दहा सगळी खणखणीत म्हणतात. काल मधे सात शिंपले ठेवून एकेकाला मोजायला लावलं तर एकाचे नऊ झाले, एकीचे पाच, बोट कुठे नि तोंड कुठे. एकाने बरोबर सात मोजले, पण "मग किती आहेत?" विचारलं तर परत एकपासून सुरू. सोमवारी हाच पाठ परत घ्यायचाय, काय बदलू?

मालवणी_माणूस
गाणं वीसपर्यंत वाढवा, पाठ झालं की मोजणी आपोआप येते. आणि शिंपल्यांपेक्षा काजूच्या बिया घ्या, घरोघरी असतात.

निवृत्त_बाई
काजूची बी नको हो! सालीतल्या तेलाने कातडी भाजते, मुलं हात तोंडात घालतात. बाकी क्रम पाठ हवा हे खरं, पण त्याने मोजणी येत नाही. आणि अकरा, बारा, तेरा हे आपल्याकडे सुटे सुटे पाठ करावे लागतात, त्यात आत्ता शिरू नका. ताई, तुमच्याकडे गाण्याची चाल बोटापेक्षा जोरात पळतेय. मोजताना गाणं बंद ठेवा आणि पाचच मोठे शिंपले घ्या, तोंडात मावणार नाहीत असे. एका सुपातून उचलून करवंटीत टाकायचे, टक वाजलं की मगच आकडा. उचललेला शिंपला सुपात उरत नाही, त्यामुळे तोच परत मोजला जात नाही. शेवटी करवंटीवरून हात फिरवून "पाच, सगळे मिळून पाच" म्हणायचं, शेवटचा आकडा म्हणजेच सगळे हे तिथे कळतं. मग उलटं विचारा, "मला तीन दे". जो मूठभर उचलतो त्याला अजून कळलेलं नाही. दोन-तीन नीट देणारं मूल चारला अडतं, कधी कधी महिनोन्‌महिने, घाई करू नका.

दापोलीची_आजी
माझा नातू 6 उलटा काढतो, त्यालाही करवंटी चालेल का?

निवृत्त_बाई
आजी, ते लिहिण्याचं झालं, त्याला वाळूत बोटाने गिरवू दे.

शिंपलेवाली_ताई
सोमवारचं सांगते. टक ऐकायला सगळी गप्प बसली, मला खरंच भरून आलं. 16 पैकी 11 जणांनी पाच बरोबर मोजले. मग करवंट्यांच्या होड्या करून आमचंच गाणं घेतलं, "पाच होड्या दर्यात, एक आली बंदरात, राहिल्या किती?", प्रत्येक कडव्याला एक करवंटी उचलायची आणि उरलेल्या थांबून मोजायच्या. "मला चार दे" मात्र तिघांनाच जमलं. आणि तो सातवाला मुलगा हात फिरवून "पाच" म्हणतो, पण झाकण ठेवून विचारलं की झाकण काढून परत मोजायलाच बसतो.

निवृत्त_बाई
मोजू दे त्याला. दोनच शिंपले झाकून विचारून बघा, तिथे न मोजता सांगतो का ते कळवा.

मालवणी_माणूस
काजूचं लक्षात नव्हतं आलं. पण वीसपर्यंत म्हणायला काय हरकत आहे ते मला अजून पटलं नाही.