मदत हवी आहे: फॉर्ममधलं ‘डू यू हॅव’ मराठीत कसं आणू?

बडोद्याची_मीनल: दांडिया बाजारात आमच्या मंडळाचं आरोग्य शिबिर आहे. इंग्रजी फॉर्ममध्ये ‘डू यू हॅव’चे प्रश्न आहेत: कोल्ड, अस्थमा, चिल्ड्रन, रिपोर्ट्स, टाइम. मंडळातल्या एका मुलाने सगळीकडे ‘तुमच्याकडे’ लावलंय. सासूबाईंनी ‘तुमच्याकडे सर्दी आहे का?’ वाचलं आणि म्हणाल्या, “आहे ना, किती देऊ?” गुजरातीत मला नीट कळतं: मने शरदी थई छे, मारे बे छोकरां छे, मारी पासे पैसा छे. मराठीत काय?

जुना_सदस्य: ‘कडे’ ही हिंदीची नक्कल, ‘मेरे पास’ची. सगळीकडे ‘तुम्हाला’ लावा, काम झालं.

सुमनआजी: सर्दीला गवती चहात आलं ठेचून घाला, वर मिरी. दोन दिवसांत मोकळं वाटेल.

मीनल: आजी, सर्दी फॉर्मला झालीय! पण चहा करेन.

शब्दवेडा_इंदूर: दादा, मग ‘मला पैसे आहेत’ म्हणता का घरी? ‘माझ्याकडे पैसे आहेत’ हे पक्कं मराठीच आहे. मीनलताई, जी वस्तू हातात धरता येते, दुसऱ्याला देता येते, तिला ‘कडे’ किंवा ‘जवळ’. म्हणून ‘तुमच्याकडे जुने रिपोर्ट आहेत का?’ बरोबर. नातं आणि आजार माणसाला चिकटलेले, तिथे ‘ला’: ‘तुम्हाला मुलं आहेत का?’ गुजरातीतले ‘मने’ आणि ‘मारे’ आपल्याकडे एकाच ‘मला’त येतात, एवढाच फरक. ‘तुमच्याकडे मुलं आहेत का?’ विचारलंत तर पाळणाघर चालवणारी बाई ‘हो, बारा’ म्हणेल.

आजारात अजून एक मेख आहे. दमा, मधुमेह कायमचे, तिथे नुसतं ‘आहे’. सर्दी नव्याने होते, म्हणून ‘तुम्हाला सर्दी झाली आहे का?’ आणि ताप येतो: ‘ताप आला आहे का?’ ‘मला सर्दी आहे’ चूक नाही, पण डॉक्टरांना आत्ताचं विचारायचं असेल तर ‘झाली’ घाला. वारंवार होत असेल तर ‘सर्दीचा त्रास आहे का?’

जुना_सदस्य: पैशांचं मान्य. पण आमच्या घरी ‘माझे दोन भाऊ आहेत’ म्हणतात, ‘मला’ नाही. तेही हिंदीमुळे का?

शब्दवेडा_इंदूर: दोन्ही चालतं. इंदुरात हिंदीमुळे ‘माझे’ जास्त कानावर पडतं असं मला वाटतं, पण महाराष्ट्रातही म्हणतातच.

मीनल: आणि वेळ? ‘तुम्हाला वेळ आहे का’ की ‘तुमच्याकडे’?

शब्दवेडा_इंदूर: मी ‘तुम्हाला’ म्हणतो. बायको ‘तुमच्याकडे’ म्हणते.

सुमनआजी: आमच्यात वेळ ‘मिळतो’. ‘रक्त द्यायला वेळ मिळेल का’ असं विचारा.

मीनल: आजी, ‘रक्त द्यायला’ नको, रक्तदान वाटेल! ‘रक्त तपासायला वेळ आहे का?’ लिहिते. विम्याचा रकाना मात्र अजून रिकामाच आहे. ‘तुमच्याकडे विमा’ म्हणू की ‘तुमचा विमा’?

जुना_सदस्य: ‘विमा काढला आहे का?’