पेस्टल लिहिताना एकच घटना तीन खान्यांत जाते, तेव्हा काय करता? (अनुभव धागा)

बर्डीवाली
बिझनेस एन्व्हायर्नमेंटच्या पेपरात पेस्टलचा, म्हणजे धंद्यावर बाहेरून परिणाम करणाऱ्या घटकांच्या विश्लेषणाचा, प्रश्न आला की उत्तरं एकाच साच्यातली येतात. राजकीय, आर्थिक, सामाजिक, तंत्रज्ञान, पर्यावरण आणि कायदा असे सहा मथळे, प्रत्येकाखाली तीन-चार ओळी आणि शेवटी "या सर्व घटकांचा व्यवसायावर परिणाम होतो". कोणता परिणाम, कोणत्या खर्चावर, किती, याचा पत्ता नसतो. म्हणून हा धागा काढतेय. उदाहरण एकच धरू: आपल्या नागपूर भागातली संत्री बागेवर विकत घेऊन, प्रतवारी करून, मेण लावून, पेट्यांत भरून बांगलादेशला पाठवणारा मध्यम व्यापारी. तुम्ही कामात किंवा वर्गात हे विश्लेषण कसं करता आणि कुठे अडता ते लिहा. स्वतःची कहाणी नको, पद्धत हवी.

अजनी_बीकॉम
यात अवघड काय आहे? बांगलादेशने संत्र्यावरचं आयात शुल्क 2019 मध्ये किलोला 20 रुपये होतं ते 2023 पर्यंत 88 वर नेलं. शुल्क कायद्याने लागतं, म्हणून ते कायदेशीर घटकात. तिकडे सरकार बदललं, ते राजकीय घटकात. इकडे जीएसटी कमी झाला आणि समृद्धी महामार्ग झाला, तो फायदा आर्थिक आणि तंत्रज्ञानात. आपल्या निर्यातदाराला किलोमागे 88 रुपये भरावे लागतात म्हणून निर्यात पडली. झालं उत्तर.

कळमना_अडत
भाऊ, शुल्क आपला व्यापारी भरत नाही. तिकडचा आयातदार भरतो, तिकडच्या कस्टमला. तरी भुर्दंड इकडेच येऊन राहिला, तो कसा येतो ते आकड्यात पाहा.

समजा तिकडच्या ठोक बाजारात माल आपल्या पैशात 130 रुपये किलोने उठतो. तोडाई, प्रतवारी, मेण, पेटी, ट्रक आणि दलाली मिळून 35 धरा. हे दोन्ही आकडे मी हिशेबापुरते घेतले आहेत, दर हंगामात बदलतात. शुल्क 20 असताना 130 मधून 20 आणि 35 गेले की 75 उरतात. त्यातून बागेचा सौदा, घट आणि व्यापाऱ्याचा नफा निघतो. शुल्क 88 झालं की उरतात 7. सात रुपयांत बाग कोण घेईल? तिकडे भाव 150 झाला तरी उरतात 27, आणि त्या भावात गिऱ्हाईक कमी होते ते वेगळंच.

म्हणजे आयातदार बिल भरतो, पण ते बिल बागेच्या सौद्यातून वळतं होते. विद्यार्थ्यांनी हे एवढं जरी लिहिलं तरी पुरे आहे. "निर्यातीवर विपरीत परिणाम" असं लिहिल्याने काही कळत नाही.

धरमपेठ_मास्तर
अडतवाल्या भाऊंचा हिशेब बरोबर आहे. आता प्रश्न खान्यांचा.

हे शुल्क का वाढलं ते आधी पाहावं. 2022 मध्ये बांगलादेशची परकीय गंगाजळी झपाट्याने उतरू लागली होती आणि टका डॉलरपुढे घसरत होता. डॉलर वाचवायला त्यांनी मे 2022 मध्ये शंभरावर वस्तूंवर जादा नियामक शुल्क लावलं. त्या यादीत परदेशी फळं होती, सौंदर्यप्रसाधनं होती, फर्निचर होतं. म्हणजे कारण आर्थिक, निर्णय राजकीय आणि रूप कायद्याचं. ही एकच घटना विद्यार्थी तीन खान्यांत तीनदा लिहितो. वाचणाऱ्याला तीन धोके दिसतात, असतो एकच. पेस्टलचा हा पहिला मोठा दोष आहे आणि "मर्यादा लिहा" म्हटल्यावर तो क्वचितच कोणी लिहितं.

मी करायला सांगतो ते असं. आधी मथळे लिहूच नका. कोऱ्या कागदावर फक्त घटना लिहा, तारखेसह. प्रत्येक घटनेपुढे बाण काढून ती हिशेबाच्या कोणत्या ओळीला लागते ते लिहा: विक्रीचा भाव, मालाची खरेदी, वाहतूक, अडकलेलं भांडवल. बाण कुठेच लागत नसेल तर घटना खोडा. उरलेल्यांना मग अक्षर द्या, आणि अक्षर कारणाचं द्या, रूपाचं नाही. शुल्काचं मूळ डॉलरच्या टंचाईत असेल तर ते आर्थिक खान्यात एकदाच. कारण पुढची बातमी कुठे शोधायची ते त्यावर ठरतं. कायद्याच्या खान्यात टाकलंत तर तुम्ही अधिसूचना निघायची वाट पाहत बसाल. आर्थिक खान्यात टाकलंत तर त्यांची गंगाजळी आणि टक्याचा दर पाहाल, आणि काही महिने आधी सावध व्हाल.

अजनी, तुझा सरकार बदलण्याचा मुद्दा तारखेवरच पडतो. शेख हसीना यांनी देश सोडला 5 ऑगस्ट 2024 रोजी. शुल्क 88 वर त्याच्या आधीच गेलं होतं. नंतरची घटना आधीच्या परिणामाचं कारण होऊ शकत नाही.

अजनी_बीकॉम
मान्य, तारीख मी पाहिली नव्हती. पण समृद्धी आणि जीएसटी का नको? दोन्ही खरे आहेत.

धरमपेठ_मास्तर
खरे आहेत, पण बाण काढून बघ. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला आणि पूर्ण 701 किलोमीटर 5 जून 2025 रोजी. रस्ता जातो पश्चिमेला. आपल्या व्यापाऱ्याचा ट्रक जातो पूर्वेला. त्याच्या वाहतुकीच्या ओळीत एक रुपया हलत नाही. हाच व्यापारी उद्या मुंबईकडे माल वळवणार असेल तर रस्ता यादीत येईल.

जीएसटीचंही तेच. फळांच्या रसावरचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 वर आला. ताज्या संत्र्यावर जीएसटी आधीही नव्हता, आताही नाही. रसाचा कारखाना असता तर हा मुद्दा वरच्या ओळीत गेला असता. एक सावधगिरी मात्र घे: जुन्या नोट्समध्ये अजून 12 टक्केच छापलेले आहेत. पेस्टल ज्या दिवशी लिहिलं त्या दिवसाचंच असतं, म्हणून कागदाच्या वर तारीख टाकायची सवय लाव.

महालची_मेस
मी मेस चालवते, रोजचे साधारण साठ डबे. आमच्याकडे स्वयंपाकाच्या बायका टिकत नाहीत आणि व्यावसायिक सिलिंडरचा भाव सतत वर-खाली होतो. हे सामाजिक आणि आर्थिक म्हणून लिहायचं का? मुलीला प्रोजेक्टमध्ये आमचीच मेस घ्यायची आहे.

बर्डीवाली
ताई, सिलिंडरचा भाव घ्या, तो तुमच्या हातात नाही आणि दर डब्याच्या खर्चात थेट येतो. एका सिलिंडरमध्ये किती डबे होतात ते मुलीला मोजायला सांगा, म्हणजे भाव शंभराने वाढला तर डब्यामागे किती पैसे वाढतात ते निघेल. बायका टिकत नाहीत हे आधी तपासावं लागेल. आजूबाजूच्या सगळ्याच मेसना माणसं मिळत नसतील तर ते बाहेरचं आहे, पेस्टलमध्ये घ्या. फक्त तुमच्याकडे टिकत नसतील तर पगार, वेळ, कामाचा ताण असं आतलं कारण असेल. पेस्टल आतलं काहीच पाहत नाही. त्याची जागा स्वॉटमधल्या कमकुवत बाजूत.

काटोल_रोड
पर्यावरणाच्या खान्यावर कोणी बोललं नाही, आणि संत्र्यात अर्धा खेळ तिथेच आहे. विद्यार्थी तिथे "हवामान बदल" एवढंच लिहितात. आंबिया बहाराला डिसेंबर-जानेवारीत पाण्याचा ताण देतात, मग फुलं येतात, माल ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निघतो. ताणाच्या काळात अवकाळी पाऊस झाला तर ताण मोडतो आणि फूट विस्कळीत येते. जुलै ते सप्टेंबर झड लागली, बागेत पाणी साचलं, तर फळगळ होते. म्हणजे "पाऊस" हा एक घटक नाही. तोच पाऊस जानेवारीत एक नुकसान करतो, ऑगस्टमध्ये दुसरं. खान्यात महिना लिहिला नाही तर त्याचा उपयोग शून्य.

आणि दोन खाने एकमेकांवर चढतात तेही पाहा. फळगळीने माल कमी झाला की एरवी बागेत भाव वाढतो. पण त्याच वर्षी बांगलादेशचा रस्ता अडलेला असेल तर तिकडे जाणारा माल देशातल्याच बाजारात उतरतो, आणि माल कमी असूनही भाव चढत नाही. सहा वेगळ्या चौकटींत हे दिसतच नाही.

सदर_ॲनालिस्ट
यावर उपाय म्हणून आम्ही प्रत्येक घटकाला परिणाम आणि शक्यता असे 1 ते 5 गुण देतो आणि गुणाकार करतो. शुल्काला 5 गुणिले 4, म्हणजे 20. तंत्रज्ञानात मेणाच्या यंत्राला 2 गुणिले 3, म्हणजे 6. किमान क्रम तरी लागतो.

धरमपेठ_मास्तर
क्रम लागतो हे खरं, पण 20 म्हणजे 6 च्या तिपटीहून मोठा धोका असा अर्थ वाचणारा काढतो, आणि तो अर्थ त्या आकड्यात नाही. एकाने 4 दिला, दुसऱ्याने 3, की क्रमच फिरू शकतो. मी गुणांऐवजी किलोमागे रुपये लिहायला सांगतो, वर 68 रुपयांचा फरक निघाला तसा.

सदर_ॲनालिस्ट
सगळ्याचे रुपये निघत नाहीत, मास्तर. गिऱ्हाइकाची आवड बदलली तर किलोमागे किती धरणार? तिथे गुणच द्यावे लागतात. यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतं.

अजनी_बीकॉम
डिसेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने या शुल्काच्या निम्म्याइतकं, म्हणजे किलोला 44 रुपये अनुदान जाहीर केलं होतं. ते राजकीय संधी म्हणून लिहू का? वरच्या हिशेबात 7 चे 51 होतात.

कळमना_अडत
कागदावर होतात. पण सौद्याचे पैसे शेतकऱ्याला आज द्या लागतात आणि अनुदान मागाहून येते. दहा टनाच्या गाडीमागे 4 लाख 40 हजार अडकतात. ज्याच्यापाशी तेवढं भांडवल आहे त्यालाच ती संधी. छोट्यासाठी तोच धोका. एकच घटक दोघांना उलटा लागते, हे लिही.

धरमपेठ_मास्तर
आणि मर्यादांत एक राहिलंच. 1967 मध्ये फ्रान्सिस ॲग्विलार यांनी आर्थिक, तांत्रिक, राजकीय, सामाजिक असे चार खाने मांडले. कायदा आणि पर्यावरण नंतर जोडले गेले. स्पर्धकाला मात्र आजही खाना नाही. मृग बहाराचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो तेव्हा बाजारात पंजाबचा किन्नू असतो. आपल्या व्यापाऱ्याचा भाव तो रोज पाडतो, आणि सहा अक्षरांत त्याला जागा मिळत नाही. विद्यार्थी तो कसाबसा आर्थिकमध्ये कोंबतात. कोंबू नका. पेस्टलखाली एक ओळ सोडून वेगळा लिहा आणि हे साधन उद्योगातली स्पर्धा पाहत नाही असं स्पष्ट नोंदवा.

महालची_मेस
सिलिंडर मोजला. एकात साधारण अडीच दिवस निघतात, म्हणजे दीडशे डबे. शंभर रुपये वाढले तर डब्याला सत्तर पैसेसुद्धा नाही. मला वाटत होतं तोच मोठा खर्च आहे. मग तेल आणि डाळ मोजायला घेतो आम्ही.