अकरावी सीईटी: सर म्हणाले घरी आठवड्याला वीसच तास. पटतं का?

एरंडोलचा पालक: जळगावच्या क्लासचा काल पहिला दिवस. सरांनी पालकांना बसवून सांगितलं, "कॉलेज आणि क्लास सोडून स्वतःचा अभ्यास आठवड्याला वीस तास. जास्त मागू नका." फी भरून हे ऐकायचं? मुलगा रोज एसटीने जा-ये करतो.

चोपडेकर: वीस तासांत काय होतंय! कोट्याला पोरं दिवसाला बारा-बारा तास बसतात. पाया अकरावीतच पक्का व्हायला हवा, नाहीतर बारावीत पळापळ होते.

फिजिक्सवाले सर: पायाचं खरं आहे. सीईटीत अकरावीचे प्रश्न साधारण वीस टक्केच असतात, पण त्यावाचून बारावीचं फिजिक्स हलत नाही. कोट्याचं मात्र इथे लागू नाही. तिथली पोरं क्लासशेजारी राहतात आणि त्या बारा तासांत क्लासही मोजतात.

तुमच्या मुलाचा दिवस मांडून बघा. साडेसहाची एसटी, बारापर्यंत कॉलेज, दोन ते पाच क्लास, घरी यायला सव्वासहा. जेवून बसला तर रात्री दीड तास डोकं चालतं. मधल्या बारा ते दोनमध्ये डबा खाऊन एक तास निघतो, तो बहुतेक पोरं स्टँडवर घालवतात. हे झाले अडीच तास, सहा दिवसांचे पंधरा. रविवारी दीड-दीड तासाचे दोन पेपर आणि दोन तास चुका तपासणं. झाले वीस! चुकांचे दोन तास सगळ्यात आधी बुडतात, तेवढे सांभाळा.

भुसावळची आई: माझी मुलगी दहावीला आहे, तिलाही वीस तास का?

फिजिक्सवाले सर: नाही ताई, हे अकरावी सायन्सचं.

चोपडेकर: आणि कापूस वेचणीला? दिवाळीच्या आसपास आमच्याकडे पोरं रविवारी शेतातच असतात. तुमचा हिशेब शहरी घराचा.

फिजिक्सवाले सर: बरोबर बोललात. त्या आठवड्यांत बारा तास धरा, पण पेपर सोडू नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिहिला तरी चालेल.

एरंडोलचा पालक: पण पुस्तक उघडून नुसता बसलाय का खरंच करतोय, हे कसं ओळखायचं? मी कॉमर्सचा माणूस.

फिजिक्सवाले सर: परवा वर्गात झालेलं एक गणित, समजा प्रोजेक्टाइलचं, वही मिटून कोऱ्या कागदावर करायला सांगा. तुम्हाला कळायची गरज नाही. आकृती काढून वेगाचे दोन भाग करून पुढे सरकला तर बसणं खरं. "फॉर्म्युला आठवत नाही" म्हणून थांबला तर नुसतं उतरवून घेतलंय. अशा पोराला तास वाढवून काही होत नाही.

चोपडेकर: माझ्या पुतण्याने रात्री एकपर्यंत जागूनच सीट काढली.

फिजिक्सवाले सर: काढली असेल. सकाळी साडेसहाची एसटी होती का त्याला?

चोपडेकर: नाही, जळगावात खोली करून होता.

एरंडोलचा पालक: खोलीचं भाडं परवडेल का तेच बघतोय आता.