मार्गेटचा चेक

«इतक्या बातम्या येतात, म्हणजे पोरांनी काहीतरी केलेच असणार ना?»

केलेले असते, प्रश्न ते केवढे होते, हा आहे. इंग्लंडमध्ये १९६४ च्या ईस्टरला क्लॅक्टन या समुद्रकाठच्या गावी थंडी-पावसाने कंटाळलेल्या ‘मॉड्स’ आणि ‘रॉकर्स’ म्हणवणाऱ्या दोन गटांतील तरुणांनी थोडी हाणामारी आणि मोडतोड केली, आणि वृत्तपत्रांनी तिला थेट दहशतीचे रूप दिले. पुढे मार्गेट या तशाच गावी अशाच प्रकरणात ७५ पौंड दंड झालेला एक मुलगा न्यायालयात ‘चेकने भरतो’ असे म्हणाला, तेव्हा हे वाक्य पैशाने माजलेल्या पिढीचा पुरावा म्हणून गाजले. वास्तविक, समाजशास्त्रज्ञ स्टॅनली कोहेन यांनी नोंदवल्याप्रमाणे, त्याच्यापाशी पैसे नव्हते, बँकेत खातेही नव्हते, ती निव्वळ फुशारकी होती. हा खुलासा छापण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही, कारण त्याने बातमीची रंगतच गेली असती.