भाड्याच्या घरात पूजा, बारसं, वाढदिवस: परवानगी कशी मागितलीत? (अनुभव धागा)

शिल्पा_वाकड
मागच्या महिन्यात आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये सत्यनारायण केला. घरमालक लगेच हो म्हणाले. जाऊबाईंच्या घरमालकांनी मात्र लेकीच्या वाढदिवसाला सरळ नाही म्हणून सांगितलं. दोन्ही मेसेज शेजारी ठेवून पाहिले. जाऊबाईंनी लिहिलं होतं, "काका, घरी छोटासा कार्यक्रम आहे, चालेल ना?" बिचाऱ्या काकांच्या डोळ्यांसमोर डीजे आला असणार.

माझा मेसेज जसाच्या तसा देते:

"नमस्कार काका. रविवारी १४ तारखेला घरी सत्यनारायणाची पूजा करायचा विचार आहे. पूजा ९ ते ११:३०, मग जेवण, ३ पर्यंत पाहुणे जातील. आम्ही धरून २५ माणसं. होम नाही, स्पीकर नाही, आरतीला फक्त टाळ. जेवण बाहेरून तयार येईल. भिंतीला खिळा किंवा टेप लावणार नाही. मजल्यावरच्या तिन्ही घरांना आणि आपल्या खाली राहणाऱ्यांना मी स्वतः जाऊन सांगेन. तुमची हरकत नसेल तरच गुरुजींना होकार कळवते."

उत्तर आलं: "करा. सेक्रेटरींना मी सांगतो. हळदीचं पाणी फरशीच्या फटीत जाऊ देऊ नका, निघत नाही."

तुमचे अनुभव लिहा. नकार मिळाला असेल तर तोही.

मकरंद_के
घरमालकाला विचारायचंच कशाला? भाडं भरतो ना आपण? रात्री १० पर्यंत काहीही वाजवता येतं, कायदाच आहे तसा.

सेक्रेटरीकाका
मकरंदराव, निम्मं बरोबर. घराच्या आत पूजा करायला आमच्या सोसायटीत कमिटीची परवानगी लागत नाही, कळवलं की पुरे. पण १० पर्यंत काहीही वाजवायची मुभा कुणीही दिलेली नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. त्यात राहत्या भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ ती ४५ वर येते. बंद हॉलमध्ये वीस माणसं झांजा घेऊन आरतीला उभी राहिली की ५५ केव्हाच मागे पडतात. ती १५ मिनिटांत संपते आणि लोकांना आधी कळवलेलं असतं, म्हणून कुणी तक्रार करत नाही, इतकंच.

दुसरं म्हणजे घरमालकाचा होकार दाराच्या आतपुरता. गच्ची, पार्किंग, क्लबहाऊस, लिफ्टसमोरचा पॅसेज ही सोसायटीची जागा. पॅसेजमध्ये चपलांचा ढीग आणि केटररची शेगडी, यावरून आमच्याकडे जितकी भांडणं झाली तितकी आवाजावरून झाली नाहीत. गच्ची हवी असेल तर आम्ही अर्ज घरमालकाच्या नावानेच घेतो, कारण सभासद तो आहे. भाडेकरू थेट अर्ज घेऊन येतात, आम्ही परत पाठवतो, आणि मग "भाडेकरूंना त्रास देतात" अशी बोंब होते.

अनघा.ज
शेजाऱ्यांना सांगायचं तर नेमकं कुणाला, हे आम्हाला उशिरा कळलं. आम्ही समोरच्यांना सांगत होतो, पण त्रास होतो खालच्यांना. खुर्च्या सरकवणं, पोरांच्या उड्या, सगळं त्यांच्या छताला. बारशाच्या आधी खालच्या काकूंकडे गेले तेव्हा कळलं की नातवाची बारावीची परीक्षा चालू आहे आणि सोमवारी पेपर. मग आम्ही कार्यक्रम संध्याकाळऐवजी सकाळी १० ला घेतला, पाळण्याभोवती सतरंज्या अंथरल्या आणि खुर्च्या मागवल्याच नाहीत. हे ग्रुपवर मेसेज टाकून कळलं नसतं. तसंही भाडेकरूंना सोसायटीच्या ग्रुपवर घेतात कुठे!

देशमुख_घरमालक
मी दुसऱ्या बाजूचा. पूजेला माझी कधीच हरकत नसते. मला फक्त एक विचारायचं असतं: होम आहे का? एका भाडेकरूंनी उदकशांत सांगितली होती. गुरुजींनी आयत्या वेळी छोटासा नवग्रह होमही उरकून घेतला, तोही हॉलमध्ये, खिडक्या लावून. कुंड नुसत्या पाटावर. व्हिट्रिफाइड फरशीला तडा गेला आणि डिपॉझिटवरून वाद झाला तो वेगळाच. आता मी आधीच सांगतो, होम करायचा तर बाल्कनीत, कुंडाखाली विटांचा थर आणि त्यावर वाळू, आणि वरच्या मजल्याला आदल्या दिवशी कल्पना. धूर वर जातो, तिथे कुणाला दमा असेल तर तुमच्या समिधा त्यांना महागात पडतात.

वास्तुशांत मात्र भाडेकरूने करू नये, ती मालकाचीच.

शिल्पा_वाकड
देशमुखकाका, आमचे गुरुजी म्हणाले की राहायला येताना भाडेकरूने गणेशपूजन आणि उदकशांत केली तरी चालते. वास्तुशांतीबद्दल दोन गुरुजींची दोन मतं ऐकली, त्यामुळे मी गप्प.

निनाद_एनजे
न्यू जर्सीतून. इथे परवानगी लीजिंग ऑफिसकडे, आणि त्यांना पूजेशी काही देणंघेणं नाही. त्यांचा प्रश्न एकच: जाळणार काय? आमच्या बिल्डिंगमध्ये स्मोक अलार्म अग्निशमन दलाला जोडलेला आहे. एका ओळखीच्यांकडे धुपानेच वाजला आणि आख्खी बिल्डिंग जिन्याने खाली, गुरुजी सोवळ्यात थंडीत उभे. तेव्हापासून आम्ही दिवासुद्धा बॅटरीवरचा लावतो. आईला हे पटलेलं नाही.

पप्पू_हिंजवडी
आम्ही चौघे बॅचलर. आम्हाला सत्यनारायण तरी कोण करू देणार 😄 वाढदिवसाचं म्हणाल तर घरमालकांनी अट घातली, १२ वाजता केक नाही. आम्ही ९ ला कापतो. जिन्यात स्नो स्प्रे मारायचा नाही हेही ठरलंय, कारण एकदा शेजारचे आजोबा त्यावरून घसरता घसरता वाचले.

सुहास_पिंपरी
आमच्याकडे भाडेकरूंकडूनही गणपतीची वर्गणी सक्तीने घेतात. याबद्दल कुणाला काय अनुभव?

सेक्रेटरीकाका
सुहास, वर्गणीचा धागा वेगळा काढा. तिथे भांडू.

शिल्पाताईंच्या मेसेजमध्ये एक भर. गाड्यांचे नंबर आणि पाहुण्यांची यादी वॉचमनकडे आदल्या रात्री द्या. २५ माणसांसाठी गेटवरून २५ वेळा इंटरकॉम वाजला की तुमची पूजाही मोडते आणि त्याची ड्युटीही. व्हिजिटर पार्किंग भरलेलं असेल तर गाड्या बाहेर कुठे लावायच्या ते त्यालाच विचारून ठेवा.

वसईची_ट्रीझा
इथे सगळे पूजेबद्दल लिहितायत म्हणून विचारते. आमच्याकडे महिन्यातून एकदा संध्याकाळी रोझरी असते. दहा-बारा जणी, अर्धा तास प्रार्थना, एक गाणं, चहा. मी शिल्पासारखाच सगळा तपशील देऊन विचारलं होतं. उत्तर आलं, "बिल्डिंगमध्ये धार्मिक कार्यक्रम नको." त्याच मजल्यावर दर गुरुवारी भजन असतं आणि मीही तिथे प्रसादाला जाते.

अनघा.ज
भाडेकरारात तसं कलम आहे का? की नुसतं तोंडी?

वसईची_ट्रीझा
तोंडीच. करारात "शेजाऱ्यांना उपद्रव होईल असे वर्तन करू नये" एवढंच आहे.

देशमुख_घरमालक
मग शेजाऱ्यांकडून आधी विचारून घ्या. भजनवाल्या काकू तुमच्या घरमालकांशी बोलल्या तर फरक पडेल. आमच्यासारख्यांना भीती कार्यक्रमाची नसते, सोसायटीतून फोन येईल याची असते.

वसईची_ट्रीझा
त्यांना विचारलं. म्हणाल्या, "आमच्याकडेच येऊन करा ना रोझरी." त्या गोड आहेत, पण घर मी भाड्याने घेतलंय ना? पुढच्या महिन्यात करार रिन्यू होतोय, तेव्हा हे लिहूनच घेणार आहे. बघू सही करतात का.