मदत हवी आहे: अनोळखी लोकांचे फोटो टाकण्याआधी परवानगी, क्लबात दहा मिनिटं बोलायचंय

गोदाकाठ
नाशिकच्या आमच्या फोटो क्लबात रविवारी मला या विषयावर बोलायचंय. निम्मी मंडळी वारी, घाट, आठवडी बाजार करणारी. त्यांचं उत्तर ठरलेलं: "आधी विचारलं की चेहरा बदलतो, फोटो गेला." त्यात तथ्य आहे, म्हणून नुसता उपदेश करून भागणार नाही. सुरुवात कुठून करू? एखादं खरं प्रकरण माहीत आहे का?

रस्त्यावरचा
सार्वजनिक जागेत फोटो काढायला परवानगी लागत नाही. भारतात तसा कायदाच नाही. दहा मिनिटं कशाला, एका वाक्यात संपेल.

मंदार_क
माझा अनुभव सांगतो. वॉटरमार्क टाकूनही माझा सूर्यास्ताचा फोटो एका हॉटेलवाल्याने पत्रकावर छापला. यावर जरूर बोला, लोक फार चोरतात.

गोदाकाठ
मंदारजी, तो प्रश्न फोटोग्राफरच्या हक्काचा. मी फोटोतल्या माणसाबद्दल विचारतोय.

शैला५०एमएम
रस्त्यावरचा, काढण्यापुरतं तुमचं बरंचसं बरोबर आहे. पण काढणं आणि टाकणं वेगळं, आणि गोदाकाठ, तुमचं भाषण इथेच आहे. मंडळींना सांगा, क्षण टिपायचा तर आधी टिपा, परवानगी नंतर घ्या. मग चेहरा बदलण्याचा मुद्दाच उरत नाही.

प्रकरण हवं तर फिलिप-लॉर्का डीकोर्सिया या अमेरिकन फोटोग्राफरचं घ्या. त्याने न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला फ्लॅश लावून, लांबच्या लेन्सने जाणाऱ्या-येणाऱ्यांचे चेहरे टिपले. कुणाला पत्ताच नव्हता. त्यात एक वयस्कर ज्यू गृहस्थ होते. आपला फोटो प्रदर्शनात लागला, विकला गेला हे कळल्यावर ते कोर्टात गेले. असं चित्र वापरणं त्यांच्या धर्मश्रद्धेत बसत नव्हतं. 2006 मध्ये कोर्टाने ही कला आहे म्हणून दावा फेटाळला. क्लबात हे सांगा आणि विचारा: तुम्ही तो फोटो भिंतीवर ठेवला असता का? दोन्ही बाजूंनी हात वर होतील.

गोदाकाठ
हे उत्तम. पण विचारायचं कसं? "फोटो टाकू का?" म्हटलं की लोक हो म्हणून मोकळे होतात.

शैला५०एमएम
तो "हो" बहुतेकदा भिडेचा असतो. समजा, दिवे घाटात विसावा घेणाऱ्या आजींचा फोटो काढलात. शेजारी बसा, कॅमेऱ्याची स्क्रीन दाखवा. मग सांगा, "आजी, हा मी फोनवर टाकणार आहे, कुणीपण बघू शकतं. तुमच्या गावच्या माणसांनी बघितला तर चालंल ना?" गाव म्हटलं की माणूस खरा विचार करतो. एकदा अशाच एक आजी हसत म्हणाल्या, "नको रं बाबा, सुनेला सांगून नाय आले." मी इन्स्टाग्राम म्हणाले असते तर त्यांनी मान डोलावली असती.

उत्तर देण्याआधी माणूस दुसऱ्याकडे बघत असेल, किंवा दिंडीतला कुणी पुढारी परस्पर "टाका हो" म्हणत असेल, तर तो होकार धरू नका. मुलांच्या बाबतीत आईबापाला विचारा. आणि आपला नंबर लिहिलेली चिठ्ठी द्या. उद्या मन बदललं तर त्यांनी तुम्हाला गाठायचं कसं?

रस्त्यावरचा
शेकडो फोटोंत कोण काय म्हणालं हे लक्षात कसं ठेवायचं?

शैला५०एमएम
मी लाइटरूममध्ये रंगाची खूण करते. लाल म्हणजे घरात ठेवायचा, हिरवा म्हणजे टाकायला चालेल. ज्यांना विचारताच आलं नाही ते पिवळे, आणि पिवळे सध्या टाकत नाही. खूण त्याच संध्याकाळी करते, दुसऱ्या दिवशी सगळे चेहरे एक होतात.

अ‍ॅड_नगरकर
कायद्याबद्दल दोन वाक्यं. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, त्यामुळे "कायदाच नाही" हे फार सैल विधान आहे. पुढे 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती कायदा आला. त्यातून व्यक्तीच्या वैयक्तिक किंवा घरगुती वापराला सूट आहे. पण क्लबचं सार्वजनिक पान, स्पर्धा, विक्री हे घरगुती म्हणता येईल का, यावर मला शंका आहे. जाहिरातीला फोटो द्यायचा तर लेखी संमती घ्याच.

रस्त्यावरचा
बरं, मानलं. पण गर्दीच्या फोटोत पन्नास चेहरे असतात. पन्नासांना विचारू?

शैला५०एमएम
नाही. मी एवढंच पाहते की फोटो कुणा एकाचा आहे का. एक चेहरा कापून काढला तर फोटो उरतो का? उरत नसेल तर त्या माणसाला विचारा. रेषा पक्की नाही, माझीही चुकते.

गोदाकाठ
भाषण मिळालं, आभार. राहिला एक प्रश्न: क्लबच्या पानावर जुन्या वाऱ्यांचे ढीगभर फोटो आहेत, त्यातल्या बहुतेकांचा ठावठिकाणा नाही. ते उतरवायचे का? समितीत यावर भांडण होणार, बघू.

मंदार_क
उतरवाल तेव्हा वॉटरमार्क तपासून घ्या.